जकात उतरली की कोणाच्या पदरात काय: अर्थशास्त्र अभ्यासमंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
अर्थशास्त्र अभ्यासमंडळ

विषय: पदवी तृतीय वर्षाच्या ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ या विषयाच्या प्रश्नपेढीतून उदाहरणे सोडवण्याचे प्रश्न वगळल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपण नुकतीच पाठवलेली सुधारित प्रश्नपेढी आमच्या महाविद्यालयात पोहोचली. तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत आणि जकातीचे परिणाम या दोन घटकांवर पूर्वी दहा गुणांचे एक उदाहरण सोडवावे लागत असे. ते आता नाही. त्याच्या जागी बहुपर्यायी प्रश्न आले आहेत (‘हा सिद्धांत कोणी मांडला?’, ‘जकात म्हणजे कोणता कर?’) आणि एक दीर्घोत्तरी प्रश्न, ‘मुक्त व्यापाराचे फायदे व तोटे सांगा’. हा बदल विद्यार्थ्यांना सोपे जावे म्हणून केला, असे सोबतच्या पत्रात म्हटले आहे. त्या हेतूबद्दल शंका नाही. तरीही हा निर्णय मला मुकाट्याने स्वीकारता येत नाही आणि त्याची कारणे आपल्यासोबत विद्यार्थ्यांच्या पालकांनीही वाचावीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षे हा विषय शिकवतो. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी खरिपाला सोयाबीन असते आणि माझ्या थोरल्या भावाच्या शेतातही तेच असते. २०२४ च्या दिवाळीआधी तो मोंढ्यात माल घालून आला, तेव्हा त्याने आडतीची पट्टी माझ्यासमोर ठेवली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि पट्टीवर लागलेला भाव होता ४,१५०. ‘सरकारनं तेलावरची ड्यूटी वाढवली म्हणून तूच सांगत होतास ना, मग भाव का नाही वाढला?’ एवढेच त्याने विचारले. मला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी ते शोधले, वर्गात मांडले आणि हा विषय शिकवण्याची माझी पद्धत त्यातूनच बदलली. आपण जे प्रश्न वगळले आहेत ते बरोबर त्या उत्तराकडे नेणारे होते.

माझा पहिला आक्षेप तुलनात्मक खर्चाच्या प्रश्नांवर आहे. रिकार्डोने १८१७ मध्ये दिलेले आकडे आपल्या प्रत्येक पुस्तकात आहेत. ठरावीक दारूसाठी पोर्तुगालमध्ये वर्षभर ८० माणसांचे श्रम लागतात आणि ठरावीक कापडासाठी ९०. इंग्लंडमध्ये त्याच दारूला १२० आणि कापडाला १००. विद्यार्थी हे पाठ करतो, पण त्यातला मर्म त्याच्या हाती लागला की नाही, हे ‘सिद्धांत स्पष्ट करा’ म्हटल्याने कळत नाही. ते कळण्यासाठी आकडे बदलून द्यावे लागतात. मी मुलांना असे विचारतो: मलेशियात एका हेक्टर पामच्या बागेतून वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास तेल निघते, आपल्याकडे एका हेक्टरात दहा-बारा क्विंटल सोयाबीन होते आणि त्यातून जेमतेम दोन क्विंटल तेल निघते, तर तेलात तुलनात्मक लाभ कोणाचा? बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘मलेशियाचा, कारण तेथे उत्पादन जास्त आहे’ असे येते. उत्तर कदाचित बरोबर असेलही, पण कारण चूक आहे, कारण ही तुलना निरपेक्ष लाभाची झाली. पोर्तुगाल दोन्ही वस्तू कमी श्रमांत करत असूनही त्याने कापड बाहेरून घ्यावे, असे रिकार्डो म्हणतो ते यासाठी की एका दारूपायी पोर्तुगालला सुमारे ०.८९ इतके कापड सोडावे लागते आणि इंग्लंडला १.२ इतके. प्रश्न किती पिकते हा नसून, ते पिकवताना काय सोडावे लागते हा आहे.

आमच्या कोरडवाहू काळ्या जमिनीवर सोयाबीन सोडले तर काय घेता येते? तूर, उडीद, मूग, कापूस. पाम येथे येणार नाही. म्हणजे एक किलो सोयातेलाचा पर्यायी खर्च तुरीत किंवा कापसात मोजावा लागेल. तेवढ्यावरही भागत नाही, कारण क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. शेतकरी तेलासाठी म्हणून सोयाबीन पेरतो असे म्हणणे अर्धेच खरे आहे. वजनाने पाहिले तर तो मुख्यतः पेंड पिकवतो. दोन वस्तू एकाच दाण्यातून निघत असतील, तर त्यातल्या एकीचाच पर्यायी खर्च काढता येत नाही. ही सिद्धांताची मर्यादा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घरातल्या पोत्यातून दिसते. त्यासाठी लिस्बनला जाण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो जकातीबाबत आहे. (आपली पुस्तके अजून ‘जकात’ लिहितात आणि मुलांना जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो, ‘आयात शुल्क’ हा शब्द परीक्षेत निदान कंसात तरी द्यावा.) वगळलेल्या उदाहरणाच्या जागी मी जे वर्गात सोडवून घेतो ते येथे पूर्ण देतो, म्हणजे काय गमावले ते दिसेल. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाले, आणि ३० मे २०२५ च्या आदेशाने ते १६.५ टक्क्यांवर आणले गेले. शुद्ध तेलावरचे शुल्क मात्र ३५.७५ टक्केच राहिले. या खऱ्या शुल्कांना आपण मोजायला सोपे असे कल्पित आकडे जोडू.

समजा बंदरात तेल १०० रुपये किलोने येते. २७.५ टक्के शुल्क असताना देशात भाव १२७.५० रुपये राहील आणि १६.५ टक्क्यांवर आल्यावर ११६.५०, म्हणजे ११ रुपयांनी उतरेल. आधी खप १०० किलोंचा होता, त्यातले ४० किलो देशी आणि ६० आयात. भाव उतरल्यावर खप १०२ किलो झाला, देशी उत्पादन ३८ वर आले आणि आयात ६४ झाली. आता एकेकाचा हिशोब करू. ग्राहकाचा लाभ म्हणजे ११ रुपये गुणिले आधीच्या व नंतरच्या खपाची सरासरी १०१ किलो, अर्थात १,१११ रुपये. देशी उत्पादकाचे नुकसान त्याच रीतीने ११ गुणिले ३९, म्हणजे ४२९ रुपये. सरकारला आधी ६० किलोंवर २७.५० प्रमाणे १,६५० रुपये मिळत होते, आता ६४ किलोंवर १६.५० प्रमाणे १,०५६ मिळतात. तोटा ५९४ रुपयांचा. ग्राहकाच्या लाभातून हे दोन्ही वजा केले की देशाचा निव्वळ लाभ ८८ रुपये उरतो.

याच ठिकाणी बहुतेक विद्यार्थी चुकतात आणि ती चूक आकृती पाठ केल्यामुळे होते. पुस्तकातली आकृती शुल्क शून्यावर आणण्याची असते, म्हणून मुले दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे काढतात: अर्धा गुणिले ११ गुणिले २, असे दोनदा, आणि उत्तर २२ लिहितात. येथे शुल्क शून्य झालेले नाही, १६.५० रुपये अजून आहे, आणि वाढीव ४ किलो आयातीवर सरकारला ६६ रुपये नव्याने मिळाले आहेत. बावीस आणि सहासष्ट मिळून अठ्ठ्याऐंशी. उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची खूणही हीच: तीन पक्षांच्या हिशोबाची वजाबाकी आणि आकृतीतले क्षेत्रफळ जुळलेच पाहिजे, नाही जुळले तर कोणाचा तरी पैसा हवेत राहिला आहे. बहुपर्यायी प्रश्नातून हे कसे तपासणार?

या हिशोबात माझ्या मते सर्वात बोलका आकडा ८८ नसून १,१११ आहे. ग्राहकांकडे गेलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सुमारे आठ रुपये नवे आहेत. उरलेले ब्याण्णव दुसऱ्या कोणाच्या खिशातून निघाले. पाठ्यपुस्तक आठ रुपयांविषयी एक प्रकरण लिहिते आणि ब्याण्णव रुपयांविषयी ‘उत्पन्नाचे पुनर्वाटप होते’ असे एक वाक्य लिहून पुढे जाते. खुद्द रिकार्डोने असे केले नव्हते. धान्याच्या आयातीवरील निर्बंधांविरुद्ध त्याने १८१५ मध्ये लिहिले ते ‘जमीनदाराचा खंड वाढतो आणि कारखानदाराचा नफा घटतो’ अशा थेट भाषेत, कोणाकडून कोणाकडे हे सांगूनच. ते इंग्लंडचे धान्य कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, तोवर भांडण याच मुद्द्यावर चालले होते. सिद्धांताच्या जनकाने जो प्रश्न मध्यभागी ठेवला तो आपण प्रश्नपेढीतून काढून टाकला आहे.

आता ‘उत्पादक’ या शब्दाकडे वळतो, कारण तेथे आमच्या मुलांची सर्वाधिक फसगत होते. वरच्या हिशोबातले ४२९ रुपये गमावणारा कोण? आकृतीत तो तेलाचा उत्पादक आहे, पण तेल काढतो सॉल्व्हंट प्लांट आणि शेतकरी त्याला दाणा विकतो. तेलाचा भाव ११ रुपयांनी पूर्ण उतरला, पेंडीचा भाव आहे तेथेच राहिला आणि प्लांटने सगळा भार खाली ढकलला, असे धरले तर क्विंटलमागे १८ किलो गुणिले ११ म्हणजे १९८ रुपये जातील. ही कमाल मर्यादा झाली. भावाच्या घरी त्या वर्षी १८ क्विंटल सोयाबीन झाले आणि घरात वर्षाला साधारण ३६ किलो तेल लागते. म्हणजे शेतकरी म्हणून ३,५६४ रुपयांचे नुकसान आणि ग्राहक म्हणून ३९६ रुपयांचा फायदा, एकाच चुलीवर. शेजारी राहणाऱ्या शेतमजुराच्या घरी पहिला आकडा शून्य आहे आणि दुसरा पूर्ण फायद्याचा, मात्र फवारणी-काढणीची कामे घटली तर तोही हिशोब फिरतो. ‘ग्राहकाला लाभ, उत्पादकाला तोटा’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला माझा प्रश्न असतो की तुझे घर यात कोठे बसते, आणि कागदावर मांडून दाखव. वर्ग खरा जागा होतो तो येथे.

भावाच्या प्रश्नाचे उत्तरही याच पोटात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले तरी सोयाबीन हमीभावाखालीच राहिले, कारण दाण्याचा भाव तेल आणि पेंड दोन्ही मिळून ठरवतात आणि शुल्क लागले ते फक्त तेलाला. त्या हंगामात जगात सोयाबीन मुबलक होते, पेंड स्वस्त होती, निर्यातीत आपली पेंड महाग पडत होती, आणि देशात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. क्विंटलमागे ८० किलो पेंड निघते. ती किलोला चार रुपयांनी उतरली तर ३२० रुपये गेलेच. शुल्काने एका हाताने दिलेले पेंडीने दुसऱ्या हाताने नेले. ‘शुल्क वाढले म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळाला’ आणि ‘शुल्क घटले म्हणून भाव पडला’ ही दोन्ही वाक्ये सभांमध्ये बिनदिक्कत बोलली जातात. ती तपासता येणारा पदवीधर आपण घडवणार की नाही, एवढेच मी विचारतो आहे.

मे २०२५ च्या कपातीत लाभ मिळवणारा आणखी एक पक्ष आहे आणि तो आकृतीत दिसतच नाही. कच्च्या व शुद्ध तेलावरच्या शुल्कातला फरक ८.२५ टक्क्यांचा होता, तो १९.२५ झाला. त्यामुळे शुद्ध पामोलिन आणणे परवडेनासे होते आणि कच्चे तेल आणून देशात शुद्ध करण्याचे काम वाढते. याचा फायदा बंदरालगतच्या रिफायनरीला थेट मिळतो. सोयाबीन गाळणाऱ्या आमच्या भागातल्या प्लांटला मात्र त्याच आदेशाने आपले तेल स्वस्त विकावे लागते. दोघेही ‘तेल उद्योग’ या एकाच नावाखाली येतात, आणि वर्तमानपत्रात ‘तेल उद्योगाकडून स्वागत’ अशी बातमी आली की कोणत्या तेल उद्योगाकडून, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला असायला हवी.

एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जातो. वरचे उदाहरण बंदरातला भाव स्थिर धरते. भारत हा जगातला सर्वात मोठा खाद्यतेल आयातदार आहे. आपण शुल्क उतरवले की मागणी वाढते आणि बाहेरचा भाव चढू शकतो. तो १०० वरून १०३ झाला तर देशातला भाव ११६.५० ऐवजी सुमारे १२० होईल, म्हणजे ११ रुपयांऐवजी साडेसात रुपयांचीच उतरण, आणि राहिलेल्यातला काही भाग परदेशी विक्रेत्याकडे गेला. लहान देश व मोठा देश हा भेद पुस्तकात व्याख्या म्हणून आहे. तो गणितात घालून मात्र कोणी विचारत नाही.

शेवटचा आक्षेप भरपाईच्या प्रश्नावर. आपल्या नमुना उत्तरात लिहिले आहे की लाभ झालेले तोटा झालेल्यांची भरपाई करू शकतात, म्हणून मुक्त व्यापार इष्ट. ‘करू शकतात’ हे खरे आहे: १,१११ मधून ४२९ आणि ५९४ दिले तरी ८८ उरतात. पण देणार कोण? ग्राहकाकडून ते पैसे गोळा करण्याची यंत्रणा नाही, आणि ज्या तिजोरीतून शेतकऱ्याला द्यायचे तिचेच उत्पन्न शुल्क उतरल्याने ५९४ रुपयांनी घटले आहे. मध्य प्रदेशाने सोयाबीनसाठी भावांतर योजना आणली, म्हणजे बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक खात्यावर भरण्याची. तिची चर्चा येथे व्हायला हवी, तिच्या मर्यादांसह. फरक सरासरी भावावर काढला तर ज्याचा माल ओलाव्यामुळे सरासरीच्याही खाली विकला गेला त्याला पुरी भरपाई मिळत नाही. शिवाय सातबारा ज्याच्या नावावर नाही त्या बटाईदाराला नोंदणीतच अडचण येते. ‘हमीभाव आहेच’ हेही उत्तर पुरेसे नाही. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण जो माल खरेदी केंद्रावर घेतला जातो त्यालाच तो मिळतो. बाकीचा मोंढ्यात जातो.

ही मांडणी मुक्त व्यापाराच्या विरोधात आहे असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. तेल स्वस्त होणे ही ज्याला शेत नाही अशा घरासाठी मोठी गोष्ट आहे, आणि शुल्क वाढवूनही शेतकऱ्याचे भले होतेच असे नाही हे वर मीच दाखवले आहे. माझे वैयक्तिक मत कपातीच्या वेळेवर आक्षेप घेणारे आहे: ती मे महिन्याच्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर आली, जेव्हा बियाणे घेऊन झालेले असते आणि पीक बदलण्याचा पर्याय बहुतेकांच्या हातून गेलेला असतो. तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत श्रम आणि जमीन एका पिकातून दुसऱ्यात सहज जातात असे धरतो; निदान एका हंगामापुरती ती जात नाहीत. विद्यार्थ्याने माझ्या मताच्या उलट लिहिले तरी चालेल, हिशोब मांडून लिहावे.

म्हणून मंडळाकडे माझ्या मागण्या अशा आहेत. दहा गुणांचा उदाहरण सोडवण्याचा प्रश्न परत आणावा आणि त्यात शुल्क शून्यावर न आणता एका दरावरून दुसऱ्या दरावर आणलेले असावे. तुलनात्मक खर्चाच्या प्रश्नात दर वर्षी आकडे बदलावेत आणि पर्यायी खर्च काढून दाखवणे सक्तीचे करावे. दीर्घोत्तरी प्रश्न ‘फायदे-तोटे सांगा’ असा न ठेवता एखाद्या प्रत्यक्ष शुल्कबदलावर ठेवावा: सोयाबीन-तेलाचा घ्या, किंवा विदर्भातल्या परीक्षा केंद्रांवर, कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरते उठवले त्याचा घ्या. त्यात शेतकरी, गिरणी, ग्राहक, मजूर आणि सरकार यांचा वेगवेगळा हिशोब मागावा. नमुना उत्तरातले भरपाईविषयीचे वाक्य दुरुस्त करावे. आणि परीक्षेत साधा गणकयंत्र वापरण्यास परवानगी द्यावी, कारण आम्हाला गुणाकार तपासायचा नाही.

उदाहरणे तयार करणे वेळखाऊ आहे, ही अडचण मला मान्य आहे. माझ्याकडे गेल्या सहा वर्षांत वर्गात वापरलेली अशी तेवीस उदाहरणे उत्तरांसह आहेत. मंडळाने कळवल्यास ती विनामोबदला पाठवीन, चुका काढून घ्याव्यात. पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि जो निर्णय होईल तो सत्र सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयांना लेखी कळवावा, ही विनंती.

आपला नम्र,
अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक, मराठवाडा